क्लायंटकडून मजकूर, लोगो आणि सर्व्हरचा ॲक्सेस कसा मागायचा

"सर, राहिलेलं मटेरियल पाठवा ना" असा मेसेज टाकून आठवडाभर वाट बघणारे खूप जण बघितलेत, मीही तेच करायचो. क्लायंटला वाटतं त्याने सगळं दिलंय, आणि नक्की काय राहिलंय हे तुम्ही सांगितलेलंच नसतं.

मजकूर मागणं सोपं आहे. पानांची नावं लिहा, कच्चा चालेल म्हणा, बास.

लोगो मागताना "हाय रिझोल्युशन" म्हणू नका, लोक व्हिजिटिंग कार्डाचा फोटो पाठवतात. नावाच्या शेवटी `.svg`, `.ai` किंवा `.eps` असलेली फाईल हवी असं सांगा. पीडीएफ आली तर ८०० टक्के झूम करून बघा, कडा पायऱ्यांसारख्या दिसल्या तर आत साधं चित्रच चिकटवलंय, ते कामाचं नाही.

आता खरी गोची, सर्व्हरचा ॲक्सेस. क्लायंटला "सर्व्हरचा पासवर्ड द्या" म्हटलं की तो त्याच्या ईमेलचा पासवर्ड देतो, किंवा जुन्या साईटच्या ॲडमिनचा, कारण त्याच्या लेखी सगळं एकच. प्रत्यक्षात तीन वेगळी खाती असतात. डोमेन जिथून घेतलं ते एक, फाइल्स जिथे ठेवल्यात ते होस्टिंग दुसरं, आणि डीएनएस म्हणजे नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते ठरवणारं तिसरं, हे बऱ्याचदा पहिल्या दोनपैकी एकाकडेच असतं पण नेहमी नाही. म्हणून विचारण्याआधी स्वतः बघा:

```
whois example.com
dig NS example.com +short
dig MX example.com +short
```

पहिल्यात `Registrar` समोर डोमेन विकणारी कंपनी दिसते, दुसऱ्यात डीएनएस कोणाकडे आहे ते, तिसऱ्यात ईमेल कुठे जातं ते. ही तिसरी ओळ मी एकदा बघितलीच नव्हती. नेमसर्व्हर बदलून मोकळा झालो, साईट झकास चालली, आणि संध्याकाळी क्लायंटचा फोन की दुपारपासून एकही मेल आलेला नाही. मेलचे रेकॉर्ड जुन्या डीएनएसमध्ये होते, नव्यात मी टाकलेच नव्हते. तेव्हापासून नेमसर्व्हरला हात लावत नाही, साईटचा `A` रेकॉर्ड तेवढा बदलतो.

दुसरं, पासवर्ड मागूच नका. तुम्ही नव्या ठिकाणाहून लॉगिन केलं की ओटीपी मालकाच्या फोनवर जातो, मालक मीटिंगमध्ये, तुम्ही तिष्ठत. त्यापेक्षा तुमचा ईमेल वेगळा युझर म्हणून जोडायला सांगा, बऱ्याच कंपन्यांमध्ये ही सोय असते, काम संपलं की तो काढूनही टाकता येतो. नसेलच सोय, तर फोनची वेळ ठरवून त्याच्यासमोरच लॉगिन करा. आणि डोमेन जुन्या डेव्हलपरच्या नावावर निघालं तर ते आधी क्लायंटच्या खात्यात आणायला सांगा, हे लाँचच्या आदल्या रात्री कळलं तर मेलात.

मी पाठवतो तो मेसेज असा असतो:

"नमस्कार सर, होम आणि कॉन्टॅक्ट ही पानं तयार आहेत. पुढचं काम तीन गोष्टींवर अडलंय.
१. 'आमच्याबद्दल' आणि 'सेवा' या पानांचा मजकूर. कच्चा चालेल, मी नीट करतो.
२. लोगोची मूळ फाईल, नावाच्या शेवटी .svg, .ai किंवा .eps असलेली. तुमच्याकडे नसेल तर ज्यांनी लोगो केला त्यांना हा मेसेज फॉरवर्ड करा.
३. तुमचं डोमेन कोणत्या कंपनीत आहे ते मी शोधलंय, नाव खाली लिहिलंय. त्या खात्याचं लॉगिन कोणाकडे आहे? तुमच्या मेलमध्ये renewal शोधलंत तर बिल सापडेल, ते ज्या पत्त्यावर आलंय तेच बहुधा खातं. होस्टिंगचं बिलही असंच शोधा. पासवर्ड पाठवू नका, मला युझर म्हणून कसं जोडायचं ते मी फोनवर सांगतो, बुधवारी ११ वाजता जमेल का?
हे सगळं गुरुवारपर्यंत आलं तर सोमवारी टेस्ट लिंक देतो. त्यानंतर जितके दिवस लागतील तितकी तारीख पुढे जाईल."

शेवटची ओळ लिहायला लोक लाजतात, लाजू नका, उशीर कोणामुळे झाला हा वाद नंतर याच ओळीवर मिटतो.

दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर हाच मेसेज परत नका पाठवू, फक्त तिसरा मुद्दा वेगळा काढून पाठवा. मजकूर नसला तरी डमी टाकून काम पुढे जातं, लोगोच्या जागी नाव लिहिता येतं, पण ॲक्सेसशिवाय साईट चढतच नाही. आणि तरीही त्याने पासवर्ड व्हॉट्सॲपवर टाकलाच, तो टाकतोच, तर काम झाल्यावर बदलायला सांगा.