रोज हँग होणारा कॉम्प्युटर: व्हेंडरला मेल करण्याआधीची तयारी

शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या मशीन शॉपचे हिशेब मी बघते. आमचा डेस्कटॉप रोज एकदा तरी हँग व्हायचा. पहिल्यांदा फोन केला तेव्हा इंजिनिअर आला, अर्धा तास बसला, तेवढ्यात काहीच झालं नाही आणि "चालू आहे की!" म्हणून तो गेला. म्हणून दुसऱ्यांदा बोलावण्याआधी तयारी केली. बिघाड त्याच्यासमोर घडेलच असं नाही, त्यामुळे घडून गेलेल्याचा पुरावा आपल्याकडे हवा.

पहिलं काम म्हणजे टेबलावर वही ठेवणं. मी 6 दिवस नोंदी केल्या: किती वाजता अडकला, काय उघडं होतं, माऊस हलत होता का, आणि कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्डवरचा दिवा बदलत होता का. हा दिवा महत्त्वाचा. तो बदलत नसेल तर बहुधा अख्खी मशीनच गोठलेली असते. बदलत असेल तर मशीन जिवंत असते, फक्त कशाची तरी वाट बघत असते. आमचा दिवा दर वेळी बदलत होता, माऊसही हलत होता, पण कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा दिवा न मिचकावता सलग पेटलेला असायचा. दोन-तीन मिनिटांनी कधी सुटायचं, कधी बटण दाबून बंद करावं लागायचं. सहापैकी पाच वेळा टॅलीत मागच्या वर्षाचा स्टॉक रिपोर्ट उघडत होते. शेजारच्या शॉपमधली मोठी मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडतं, त्यामुळे असं होत असेल असा आमचा समज होता. पण व्होल्टेज पडल्यावर कॉम्प्युटर सहसा बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो, असा वाट बघत बसत नाही.

मग विंडोजची स्वतःची नोंद बघितली. Windows आणि R एकत्र दाबून हे टाइप करायचं:

```
eventvwr.msc
```

डावीकडे Windows Logs, त्यात System. वहीतल्या वेळांच्या आसपास लाल आणि पिवळ्या ओळी शोधायच्या. Kernel-Power 41 दिसलं तर घाबरू नका. बटण दाबून किंवा वीज जाऊन मशीन नीट शटडाउन न होता बंद झाल्याची ती खूण असते, कारण सांगत नाही. आमच्याकडे त्याच्या आधी disk, Event ID 7 होतं आणि मजकुरात Harddisk0 व bad block. Harddisk0 म्हणजे आतली डिस्क की लावलेला पेनड्राइव्ह, हे Disk Management मध्ये ताडून घ्या. या ओळींचे मोबाइलवर फोटो काढले.

ही खूण दिसल्यावर सगळ्यात आधी बॅकअप. टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला, मग एक्सेल आणि पगाराची शीट. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून मागच्या महिन्याची शिल्लक जुळवली, तेव्हाच बॅकअप झाला असं मानलं. कोणी `chkdsk /r` चालवायला सांगेल, पण बॅकअपआधी नको. ते अख्खी डिस्क वाचून काढतं आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाऊ शकते.

मेलमध्ये निदान लिहिलं नाही, जे दिसलं तेच लिहिलं:

"नमस्कार साहेब, तुमच्याकडून 14 महिन्यांपूर्वी घेतलेला अकाउंट्सचा डेस्कटॉप रोज हँग होतो. बिलाची प्रत जोडली आहे, त्यावर हार्ड डिस्कची वॉरंटी 3 वर्षे लिहिली आहे. 6 दिवसांच्या नोंदी आणि इव्हेंट व्ह्यूअरचे फोटो सोबत आहेत. अडकल्यावर माऊस हलतो, डिस्कचा दिवा सलग पेटतो. बॅकअप झाला आहे. 11 तारखेला जीएसटीआर-1 भरायचा असल्याने 5 तारखेला सकाळी 10:30 वाजता व्हिजिट मिळावी. इंजिनिअरसोबत साटा केबल आणि एक रिकामी एसएसडी पाठवावी. डिस्क वॉरंटीत बदलल्यास जुनीतल्या डेटाचं काय करता, तेही कळवावं."

केबल मुद्दाम मागितली, कारण सैल केबलनेही डिस्क अशीच अडकू शकते आणि ती बदलून बघायला पाच मिनिटं लागतात. जुन्या डिस्कचा प्रश्नही मुद्दाम विचारला. तिच्यात कामगारांचे पगार आणि पॅन नंबर आहेत.

व्हिजिटच्या दिवशी तोच स्टॉक रिपोर्ट त्याच्यासमोर उघडायचा. डिस्क काढण्याआधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करायचं, म्हणजे नव्या डिस्कवर ते पुन्हा चालू करताना अडत नाही. ईमेलचे पासवर्ड आणि प्रिंटरचं मॉडेल कागदावर हवं. डिजिटल सहीचं टोकन मात्र काढून कपाटात ठेवायचं.