कापसाचे रोख चुकारे: दहा हजारांच्या वर दिलेला कोणता खर्च मंजूर होतो आणि कोणता नाही

विदर्भातल्या गावोगावी दिवाळीनंतर कापसाची खेडा खरेदी सुरू होते आणि व्यवहार बहुतांशी रोखीनेच होतो, कारण काट्यावरून गाडी खाली झाली की शेतकऱ्याला वेचणीची मजुरी त्याच संध्याकाळी चुकती करायची असते. या रोख चुकाऱ्यांचा हिशेब प्राप्तिकर विवरणपत्रात कसा लागतो, हे व्यापाऱ्याला बहुधा कर निर्धारणाची नोटीस आल्यावरच कळते. ती वेळ येऊ नये म्हणून हंगाम चालू असतानाच काय करावे, ते खाली क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी: नियम नेमका काय आहे ते पाहा

प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम ४०अ(३) नुसार एका व्यक्तीला एका दिवसात व्यवसायाच्या खर्चापोटी एकूण १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली, तर तो खर्च नफा काढताना वजा मिळत नाही. मालवाहतूकदाराला भाड्यापोटी दिलेल्या रकमेसाठी हीच मर्यादा ३५,००० रुपये आहे. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी हा नियम कायम आहे. खाली दिलेले क्रमांक जुन्या, म्हणजे १९६१ च्या कायद्याखालचे आहेत.

येथे दोन गोष्टींत गल्लत होते. एक म्हणजे, मर्यादा ओलांडली की १०,००० च्या वरचीच नव्हे, तर संपूर्ण रक्कम नामंजूर होते. दुसरी म्हणजे, ‘रोख’ याचा अर्थ केवळ नोटा असा नाही. अकाउंट पेयी धनादेश, अकाउंट पेयी बँक ड्राफ्ट, तसेच एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएस, यूपीआय यांसारखे विहित इलेक्ट्रॉनिक मार्ग सोडून केलेला प्रत्येक चुकारा यात धरला जातो. म्हणजे बेअरर चेकही सुटत नाही. समोरच्याच्या खात्यात आपण जाऊन रोख भरली आणि बँकेची स्लिप जपून ठेवली, तरी ती पद्धत या यादीत बसत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

दुसरी पायरी: माल कोणाकडून घेतला, हे पावतीवरच नोंदवा

कापूस व्यापाऱ्यासाठी सगळा प्रश्न येथेच आहे. नियम ६डीडी मध्ये काही सवलती दिल्या आहेत आणि त्यांपैकी एक शेतमालाची आहे: शेतमाल, दूध, कुक्कुटपालन, फळबागा इत्यादींचे उत्पादन खुद्द पिकवणाऱ्याकडून वा उत्पादकाकडून विकत घेतले, तर १०,००० च्या वरचा रोख चुकाराही मंजूर होतो. ही सवलत मालाला नाही, पिकवणाऱ्याला दिलेल्या चुकाऱ्याला आहे. तोच कापूस गावात फिरून गोळा करणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याकडून घेतला, तर सवलत संपते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी दोन भावांची भागीदारी फर्म कापूस घेऊन जिनिंगला विकते. एका दिवशी त्यांनी एका शेतकऱ्याकडून १२ क्विंटल कापूस ७,००० रुपये दराने घेतला आणि ८४,००० रुपये रोख दिले. त्याच दिवशी शेजारच्या गावातल्या फिरत्या व्यापाऱ्याकडून त्याच दराने ६ क्विंटल घेऊन ४२,००० रुपये रोख दिले. बारदानावाल्याला सकाळी ९,००० आणि संध्याकाळी ९,००० असे दोन व्हाउचर करून १८,००० दिले, आणि ट्रकमालकाला ३२,००० रुपये भाडे रोख दिले.

यात शेतकऱ्याचे ८४,००० मंजूर होतात. ट्रकभाडेही मंजूर होते, कारण ते ३५,००० च्या आत आहे. फिरत्या व्यापाऱ्याचे ४२,००० मात्र पूर्ण नामंजूर. बारदान्याचे १८,००० ही नामंजूर, कारण व्हाउचर दोन असले तरी माणूस एक आणि दिवस एक आहे. फर्मच्या वह्यांप्रमाणे वर्षाचा नफा ६,४०,००० असेल, तर त्यात ६०,००० मिळवून व्यवसायाचे उत्पन्न ७,००,००० धरले जाईल. फर्मला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के, असा हिशेब केल्यास या एका दिवसाने १८,७२० रुपयांचा कर वाढवला. फिरत्या व्यापाऱ्याकडच्या त्या ६ क्विंटलवर क्विंटलमागे १०० रुपये सुटले असे धरले, तर कमाई ६०० रुपये आणि केवळ त्या चुकाऱ्यामुळे वाढलेला कर १३,१०४ रुपये.

तिसरी पायरी: पिकवणारा तोच होता, याचा पुरावा त्याच दिवशी घ्या

सवलत मागणाऱ्यानेच ती सिद्ध करायची असते. काटापट्टीवर शेतकऱ्याचे पूर्ण नाव, गाव, वजन, दर आणि रक्कम लिहून त्याची सही किंवा अंगठा घ्यावा आणि सोबत सातबाऱ्याची प्रत लावावी. सातबाऱ्यावर नुसते नाव पुरत नाही. पीक पाहणीत कापसाचा पेरा दिसला पाहिजे. दोन एकर कापसाच्या सातबाऱ्यावर एकाच हंगामात शंभर क्विंटलच्या पट्ट्या निघाल्या, तर अधिकाऱ्याला शंका यायला वेगळे कारण लागत नाही. ठेक्याने किंवा बटईने शेती करणाऱ्याच्या बाबतीत सातबारा मालकाच्या नावावर असतो. तेव्हा ठेक्याचा कागद किंवा मालकाचे लेखी पत्र जोडून ठेवावे.

चुकारा करताना शेतकऱ्याचीही बाजू सांभाळावी. एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारात २ लाख रुपये वा त्याहून जास्त रोख घेणाऱ्यावर कलम २६९एसटी नुसार घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो, आणि हा दंड घेणाऱ्याला, म्हणजे येथे शेतकऱ्याला आहे. नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रक क्रमांक २७ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केले आहे की शेतकऱ्याने व्यापाऱ्याला २ लाखांच्या आत रोखीने शेतमाल विकला, तर व्यापाऱ्याचा खर्च नामंजूर होत नाही आणि शेतकऱ्याला पॅन देण्याचीही गरज नाही. २ लाख किंवा त्याहून जास्त होत असेल, तर चुकारा खात्यावरच करावा.

चौथी पायरी: मार्चची उधारी स्वतंत्र तपासा

समजा, २५ मार्च २०२४ ला २२,००० रुपयांचे बारदाने उधार घेतले आणि तो खर्च त्या वर्षाच्या नफ्यातून वजा झाला. पुढे १० मे २०२४ ला ते २२,००० एकरकमी रोख दिले, तर कलम ४०अ(३अ) नुसार ती रक्कम २०२४-२५ चे उत्पन्न म्हणून धरली जाते. त्यामुळे एप्रिल-मे मध्ये जुनी देणी फेडताना खातेवहीतली बाकी उघडून पाहावी आणि १०,००० च्या वरची बाकी बँकेतूनच फेडावी. वेगवेगळ्या दिवशी दहा हजारांच्या आत दिलेल्या हप्त्यांना हे कलम लागत नाही, पण रोकड वहीत त्या त्या दिवशी तेवढी शिल्लक खरोखर असली पाहिजे. मागाहून लिहिलेली व्हाउचर रोख शिल्लक उणे दाखवून आपणच आपली फजिती करतात.

पाचवी पायरी: विवरणपत्राआधी रोकड वही चाळा

वर्षअखेरीस दहा हजारांच्या वरचे सगळे रोख चुकारे व्यक्ती आणि तारीख यांप्रमाणे एकत्र काढावेत. लेखापरीक्षण लागू असेल, तर लेखापरीक्षकाला असे चुकारे फॉर्म ३सीडी मध्ये दाखवावेच लागतात, म्हणून कागद नसलेली रक्कम आपणच उत्पन्नात मिळवलेली बरी. कलम ४४एडी खाली उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवणाऱ्याला मात्र ही नामंजुरी वेगळी मिळवावी लागत नाही, कारण तेथे खर्च वेगवेगळे वजाच होत नाहीत. अडत किंवा दलालीच्या उत्पन्नाला ते कलम मिळत नाही. अडत्याने ती वाट धरू नये.

बँक नसलेल्या गावात तिथल्याच रहिवाशाला किंवा तिथेच धंदा करणाऱ्याला दिलेल्या रोख रकमेलाही नियम ६डीडी सवलत देतो. पण चुकाऱ्याच्या दिवशी त्या गावात बँक नव्हती, हे दाखवता आले पाहिजे. आपल्या गावात बँक नाही एवढे पुरत नाही, जिथे पैसे दिले ते गाव मोजले जाते.