ब्लॉग कुठे थाटायचा? या चुका टाळा

माझ्या आतेभावाचा गुहागरजवळ होमस्टे आहे. 2016 च्या गणपतीत मुंबईहून आलेल्या पुतण्यानं त्याला ब्लॉगरवर फुकटात ब्लॉग काढून दिला. भाऊ लिहितो चांगला. घावनं, पालख्या, नारळाची बाग, समुद्राला उधाण आल्याच्या गोष्टी असे पाच वर्षांत 180 लेख झाले. मग कुणीतरी सांगितलं, "स्वतःचं होस्टिंग घे, फुकटातलं काही खरं नाही." यानं होस्टिंग घेऊन त्यावर वर्डप्रेस हे ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर चढवलं, लेख हलवले आणि आठवडाभरानं मला फोन केला, "दादा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या माझ्या सगळ्या लिंका जुन्याच घरी नेतायत. नवीन घरी चिटपाखरू नाही."

चूक होस्टिंग घेण्यात नव्हती. ती पाच वर्षांपूर्वीच, पत्ता निवडताना झाली होती.

पहिली चूक: जागा आणि पत्ता एकच समजणं

ब्लॉगर किंवा वर्डप्रेस डॉट कॉम म्हणजे भाड्याचं बिऱ्हाड. डागडुजी मालक बघतो, पण भिंतीला खिळा ठोकायचा तर त्याच्या नियमानं. स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस चढवणं म्हणजे स्वतःचं घर. (घरातला संगणक त्यासाठी दिवसरात्र चालू ठेवावा लागत नाही. वीज गेली की ब्लॉग बंद, ही भीती मी दापोलीपासून मालवणपर्यंत ऐकली आहे. होस्टिंग म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर घेतलेली जागा.)

बिऱ्हाड बदलता येतं, पण दारावरची पाटी मालकाची असेल तर ती बरोबर नेता येत नाही. भावाचा पत्ता `blogspot.com` वर संपत होता, आणि तो पत्ता त्याच्या मालकीचा नव्हता. त्यानं पहिल्या दिवशी वर्षाला साधारण हजार रुपयांचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा पत्ता, घेऊन ब्लॉगरला जोडलं असतं, तर हे घडलं नसतं. ब्लॉगर त्यासाठी वेगळे पैसे घेत नाही. सेटिंग्जमध्ये डोमेन टाकलं की तो दोन `CNAME` नोंदी देतो, त्या डोमेन जिथून घेतलं तिथे भरायच्या. एक `www` ला `ghs.google.com` कडे पाठवते, दुसरी डोमेन तुमचंच आहे हे पटवते. लोक दुसरी विसरतात आणि "ब्लॉगर डोमेन घेतच नाही" म्हणतात. वर्डप्रेस डॉट कॉमवर मात्र स्वतःचं डोमेन जोडायला पैसे भरलेला प्लॅन लागतो.

पुढे घर बदलताना लेखांचे पत्तेही तसेच ठेवायचे. ब्लॉगरच्या लेखाच्या पत्त्यात वर्ष, महिना आणि शेवटी `.html` असतं. वर्डप्रेसच्या `Permalinks` मध्ये हे लिहायचं:

```
/%year%/%monthnum%/%postname%.html
```

लेख आणल्यावर जुने दहा पत्ते उघडून बघायचे. पान सापडत नसेल तर त्या लेखाच्या पत्त्याचा शेवटचा तुकडा, म्हणजे स्लग, जुन्यासारखा हातानं करायचा. जुन्या लेखांतली चित्रं गूगलच्याच सर्व्हरवरून येत राहिली असतील, तेही बघा. चित्राच्या पत्त्यात `googleusercontent` किंवा `bp.blogspot` दिसलं तर चित्रं अजून जुन्या घरीच आहेत, म्हणून जुना ब्लॉग पुसायची घाई नको.

भावाला आता जुने पत्ते तसेच ठेवणं शक्य नव्हतं. आम्ही जुना ब्लॉग तसाच ठेवला, जास्त वाचल्या जाणाऱ्या चाळीस लेखांचे फक्त दोन परिच्छेद तिथे ठेवून खाली नव्या पानाची लिंक दिली. चार रात्री गेल्या.

दुसरी चूक: मराठी मथळ्याचा पत्ता आपोआप होऊ देणं

इंग्रजीत लिहिणाऱ्यांना ही अडचण येत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी सांगतही नाही. देवनागरी मथळा दिला की ब्लॉगर त्यातून पत्ता बनवत नाही, नुसतं `blog-post_17.html` असं काहीतरी देतो. भावाचे 180 लेख असेच. कुठला कशाचा, त्यालाही ओळखू येत नव्हतं.

वर्डप्रेस उलट देवनागरी स्वीकारतं, पण आतून त्याचं `%E0%A4%97` अशा चिन्हांत रूपांतर करतं. देवनागरीच्या एका अक्षराला नऊ चिन्हं लागतात, काना-मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात, आणि स्लगला मर्यादा आहे 200 चिन्हांची. म्हणजे जेमतेम 22 अक्षरं. "गुहागरच्या व्याडेश्वराची पालखी" या मथळ्याचा पत्ता "गुहागरच्या-व्याडेश्वराच" इथेच तुटतो. पालखी गेलीच, वेलांटीही गेली. व्हॉट्सॲपवर पाठवली की ती लिंक ओळीच्या ओळी लांब दिसते आणि लोक तिला फसवणूक समजून हात लावत नाहीत.

उपाय सोपा आहे. मथळा मराठीतच ठेवा, पत्ता रोमनमध्ये लिहा: `vyadeshwar-palkhi`. दोन्हीकडे ही सोय आहे. लेख प्रकाशित करण्याआधी करा, नंतर बदललं की आधी पाठवलेल्या लिंका मोडण्याचा धोका असतो.

तिसरी चूक: महिन्याचा आकडा बघून होस्टिंग घेणं

जाहिरातीत समजा महिना 149 रुपये लिहिलंय. खाली बारीक अक्षरात 48 महिने एकदम भरायची अट असते. 7152 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे हातातून 8439 रुपये जातात. नूतनीकरणाचा दर समजा 449 असेल, तर पाचव्या वर्षी एका वर्षाचेच जवळपास 6358. पहिला दर नव्हे, नूतनीकरणाचा दर विचारा आणि तो परवडत असेल तरच घर बांधा.

माझं मत विचाराल तर नुसतं लिहायचं असेल तर ब्लॉगर आणि स्वतःचं डोमेन पुरेसं आहे. खोल्यांचं बुकिंग, आंब्याच्या पेट्यांची ऑर्डर, पैसे घेणं हे त्याच साइटवर करायचं ठरलं की स्वतःचं होस्टिंग घ्यावं. भावाला बुकिंग हवं होतं, म्हणून त्याचा निर्णय बरोबरच होता.

चौथी चूक: कौलं न परतणं

स्वतःचं घर म्हटलं की आगोटीला कौलं परतावी लागतात. वर्डप्रेस, थीम आणि प्लगिन यांचे अपडेट महिन्यातून एकदा तरी बघा, त्याआधी बॅकअप घ्या, आणि तो त्याच होस्टिंगवर न ठेवता ड्राइव्हवर किंवा घरच्या संगणकावर ठेवा. अपडेटनंतर पांढरं पान दिसलं तर बहुधा एखादं प्लगिन बिघडलेलं असतं. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये `wp-content/plugins` या फोल्डरचं नाव बदला. साइट उघडली तर दोषी त्यातच आहे. मग डॅशबोर्डमधलं `Plugins` पान एकदा उघडा, म्हणजे सगळी प्लगिन बंद होतात, आणि नाव पूर्ववत करून ती एकेक करून सुरू करा.

विकतची थीम फुकट "क्रॅक" करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. त्यात चोरदरवाजा असू शकतो. लक्षण असं की, तुम्ही उघडता तेव्हा साइट ठीक असते आणि गूगलवरून मोबाईलनं येणारा मात्र जुगाराच्या पानावर जातो. गूगलवर `site:` पुढे आपलं डोमेन लिहून शोधा. आपण न लिहिलेली पानं दिसली तर चोर आत आहे.

पाचवी चूक: डोमेन पुतण्याच्या नावावर

भावानं नवं डोमेन घेतलं तेही पुतण्याच्या ईमेलवरून. कार्डावरून आपोआप नूतनीकरण लावून ठेवलं होतं. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे नियम बदलले आणि परदेशी कंपन्यांची अशी बरीच आपोआप कपात अडकली. सूचना पुतण्याच्या ईमेलवर जात राहिल्या, पुतण्या ठाण्याला, इथे ऐन मोसमात साइट बंद. `.com` ची मुदत संपून सवलतीचे दिवसही गेले की ते 30 दिवस सोडवणुकीच्या अवस्थेत जातं आणि परत मिळवायला नेहमीपेक्षा बरेच जास्त पैसे लागतात.

आता डोमेन भावाच्या ईमेलवर, ओटीपी त्याच्याच फोनवर आणि मुदतीची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहिलेली आहे. पुतण्या गणपतीला येतो तेव्हा फक्त मोदक खातो.