कपाटामागची बुरशी

बाळाच्या कोरड्या खोकल्यासाठी हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर आणला, तोही ठाण्यात, ऐन जुलैत! दोन आठवड्यांत कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके आले आणि चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी. मग तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक घेतला. आकडा ८४ टक्के! साठच्या वर बुरशीला आयतं रान मिळतं.

ह्युमिडिफायर माळ्यावर टाकला, हवेतली ओल शोषून टाकीत जमवणारा डीह्युमिडिफायर आणला. पहिले दोन दिवस आकडा ढिम्म हलेना, कारण खिडकी उघडीच होती. बाहेरची ओल आत येतच होती. खिडकी लावल्यावर रात्रीत टाकी भरली, आकडा ५५ वर आला. खोली मात्र थोडी तापते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, ठिपके साबणाच्या पाण्याने पुसून भिंत कोरडी केली. ह्युमिडिफायर आता नागपूरच्या ताईकडे, तिच्या खोलीत हिवाळ्यात चालतो.