‘पोकेमॉन एमराल्ड’ची कॅसेट: खरी ओळखा, दर्जा ठरवा, पावसाळ्यातून वाचवा

जुन्या गेमच्या कॅसेटी जमवायला लागलं की पहिला फटका बहुधा गेमबॉय ॲडव्हान्सच्या पोकेमॉन कॅसेटींत बसतो. सगळ्यांना हव्या असतात, म्हणून नकलाही त्यांच्याच जास्त. त्यातली ‘एमराल्ड’ घेऊ या. जपानमध्ये ती २००४ साली आली, अमेरिकेत २००५ साली. ही एक कॅसेट नीट तपासता आली की बाकीच्यांत काय पाहायचं ते आपोआप कळतं.

पैसे देण्याआधी

आधी सराफी भिंग घ्या. कोल्हापुरात गुजरीत सराफांच्या अवजारांची चौकशी केली तर दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळून जाईल. सोबत मोबाइलचा टॉर्च हवा.

कॅसेटचं कवच उजेडासमोर धरा. खऱ्या एमराल्डचं कवच हिरवं आणि पारदर्शक असतं, आतला बोर्ड दिसतो. वर कोरलेली ‘GAME BOY ADVANCE’ ही अक्षरं एकसारखी आणि कडेला धारदार असतात. नकलेत अक्षरं जाड, बोथट किंवा जराशी वाकडी येतात. याच एका खुणेवर निर्णय घेऊ नका, कारण खरं कवच काढून त्यात नकली बोर्ड बसवणारेही आहेत.

आता लेबल. ते चकाकणारं असतं. भिंगातून बारीक अक्षरांच्या कडा पाहा. खऱ्या छपाईत त्या स्वच्छ असतात. मूळ लेबल स्कॅन करून पुन्हा छापलं असेल तर कडा पसरतात आणि काळ्या अक्षरांभोवती रंगीत ठिपके दिसतात. अमेरिकन प्रतीवर AGB-BPEE-USA हा कोड असतो. नकलेवर कधी कधी भलत्याच गेमचा कोड सापडतो. मग टॉर्चचा उजेड लेबलवर अगदी आडवा टाका आणि कॅसेट हळूहळू कलती करा. बहुधा उजव्या बाजूला दोन आकडे, कधी सोबत एखादं अक्षर, दाबून उमटवलेलं दिसेल. तिथे शाई नसते, नुसता दाब असतो, म्हणून समोरून काढलेल्या फोटोत तो दिसत नाही. हल्लीच्या काही चांगल्या नकलांवर हा दाबही असतो. त्यामुळे तो नसणं संशयाचं, पण असणं पुरेसं नाही.

शेवटी खालची फट पाहा. सोनेरी पिनांच्या वर बोर्डावर ‘Nintendo’ असं बारीक छापलेलं असतं. कॅसेट न उघडता मिळणारा हा सगळ्यात भरवशाचा पुरावा. ऑनलाइन घेत असाल तर या फटीचा जवळून फोटो मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर सौदा सोडा.

सेलचा घोळ

एमराल्ड चालू केल्यावर ‘The internal battery has run dry. The game can be played. However, clock-based events will no longer occur.’ असा संदेश आला की बरेचजण कॅसेट बिघडली म्हणून परत करतात. घाई करू नका. खऱ्या कॅसेटमध्ये सीआर१६१६ सेल असतो, पण तो फक्त घड्याळासाठी. खेळाची नोंद फ्लॅश चिपमध्ये राहते, तिला सेल लागत नाही. वीस वर्षांत सेल संपणारच. सेल बदलला की घड्याळ पुन्हा चालतं, नोंद शाबूत राहते.

मात्र घड्याळ नसलेल्या नकलाही हाच संदेश दाखवतात. म्हणून कवचातून सेल दिसतो का ते पाहा. बऱ्याच नकलांत सेल असतो, पण तो नोंद टिकवण्यासाठी. तो संपला की सगळा खेळ पुसला जातो. ‘फायररेड’ आणि ‘लीफग्रीन’च्या खऱ्या कॅसेटींत सेल नसतोच. तिथे सेल दिसला तर नक्कल समजा.

खात्री हवीच असेल तर उघडून पाहा. मागे तीन पात्यांचा, म्हणजे ट्राय-विंग स्क्रू असतो. मोबाइल दुरुस्तीच्या संचातला ०.६ चा ट्राय-विंग इथे लहान पडतो आणि स्क्रूचं तोंड खातो, म्हणून मोठ्या मापाचा घ्या. आत नीट पाय असलेल्या चौकोनी चिपा दिसायला हव्यात. काळ्या रेझिनचा गोळा थापलेला दिसला तर ही कॅसेट खरी नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. कंपनीनेच नंतर ‘प्लेअर्स चॉइस’ शिक्क्याखाली पुन्हा काढलेले गेम खरेच असतात, फक्त ते पहिल्या छपाईचे नसतात. परवानगीशिवाय बनवलेल्या ‘रीप्रो’ला त्यांच्या रांगेत बसवू नका.

दर्जा कसा लिहायचा

‘एकदम मस्त कंडिशन’ या शब्दांना काही अर्थ नाही. कवच, लेबल, पिना आणि नोंद या चार गोष्टींना वेगवेगळा शेरा द्या. समजा, समोरच्या एमराल्डचं कवच बिनतड्याचं आहे, मागे बारीक चरे आहेत. लेबलचा वरचा उजवा कोपरा दोन मिलिमीटर उचलला आहे, रंग उडालेला नाही. पिना काळवंडल्यात, हिरवं काही नाही. नोंद होते, सेल संपला आहे. हे असंच लिहा. ढोबळ दर्जा ‘चांगला’. ‘उत्तम’ म्हणता येणार नाही, कारण फाटलेलं किंवा उचललेलं लेबल पुन्हा मूळ स्थितीत येत नाही. पिनांची मळ मात्र निघते, सेलही बदलता येतो, म्हणून त्यासाठी दर्जा फार खाली आणू नका. पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर असेल तर तो गंज आहे. सोन्याचा मुलामा खाल्ला गेला असेल तर घासून काही उपयोग नाही.

नोंद तपासताना गेममध्ये सेव्ह करा, कॅसेट काढा, दहा मिनिटांनी परत लावा. फक्त बंद-चालू करून तपासलंत तर कमजोर सेलवर चालणारी नक्कल निसटून जाते.

साफसफाई आणि साठवण

पिना ९० टक्क्यांहून जास्त तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. पिनांच्या लांबीच्या दिशेनेच पुसा आणि काडी काळी येणं थांबेपर्यंत नवी नवी घ्या. दहा मिनिटं वाळू द्या. हातांचं सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या ग्लिसरीनचा चिकट थर राहतो. सॅंडपेपर तर अजिबात नको, मुलामा जातो.

कोल्हापुरात खरा शत्रू जून ते सप्टेंबरची दमट हवा. झाकण घट्ट बसणारा पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा, त्यात रंग बदलणारं ५० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहायला हवा. केशरी जेल गडद हिरवं झालं की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोनेक तास तापवून परत वापरा. डबा भरायचा तो कोरड्या दिवशी. पावसात भरलात तर ओलावाच आत कोंडाल.

प्रत्येक कॅसेट पॉलिप्रॉपिलिनच्या पिशवीत ठेवा. मऊ पीव्हीसीची पिशवी काही वर्षांनी चिकट होते आणि लेबलला धरते. कपाटात सवयीने टाकतो तशा डांबरगोळ्या इथे नकोत. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. पुठ्ठ्याचे मूळ खोके असतील तर ते वेगळ्या डब्यात ठेवा, कसर आधी तिथेच लागते.

डबा माळ्यावर ठेवायचा की खाली, हे घर कुठे आहे त्यावर ठरवा. पत्र्याखालचा माळा मे महिन्यात भट्टी होतो आणि लेबलचा गोंद सुटतो. पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी शिरलेल्या भागात तळमजला असेल तर कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पाच बरा. प्रत्येक कॅसेटच्या पुढच्या, मागच्या आणि पिनांच्या फोटोंची एक प्रत मोबाइलबाहेरही ठेवा.