टायर चमकवताना या चुका टाळा: सिलिकॉन, डिझेल आणि तो तपकिरी फेस

माझ्या मामांची गाडी सहकारनगरातल्या सोसायटीत उभी असते. महिन्याला तीनशे-साडेतीनशे किलोमीटर चालते, बाकी वेळ पार्किंगमध्येच. गाडी पुसणारा मुलगा दर रविवारी टायरना पॉलिश मारतो, त्यामुळे टायर कायम काळेभोर. यंदा एप्रिलमध्ये मामांचा फोन आला, "अरे, टायरच्या बाजूला केसासारख्या भेगा पडल्यात. टायरवाला म्हणतो, सिलिकॉनचं पॉलिश मारता ना, त्यानेच रबर खाल्लं."

सिलिकॉन रबर खातं, हे पुण्यात जवळजवळ प्रत्येक टायरवाल्याकडून ऐकायला मिळतं. यात थोडं खरं आहे, पण आरोपी चुकीचा पकडला जातो. आणि त्यामुळे लोक बाटली बदलतात, पण खरी चूक तशीच चालू राहते.

आधी टायरच्या आत काय असतं ते पाहू. टायरची बाजू, म्हणजे साईडवॉल, मुख्यतः नैसर्गिक आणि कृत्रिम रबराची असते. या रबराचा मोठा शत्रू म्हणजे हवेतला ओझोन. ताण असलेल्या जागी तो रबराच्या साखळ्या तोडतो आणि बारीक भेगा पडतात. म्हणून टायर बनवतानाच रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळतात. ही हळूहळू आतून पृष्ठभागावर येत राहतात आणि तिथे संरक्षक थर धरतात. गाडी चालते, साईडवॉल दबते-सुटते, तसतसा हा थर ताजा होत राहतो. उभ्या गाडीत हे काम मंदावतं. हवेशी संबंध आल्यावर ही रसायनं तपकिरी होतात. टायर धुताना जो तपकिरी फेस निघतो, त्यात रस्त्याची धूळ असतेच, पण काही भाग या औषधाचाच असतो.

पहिली चूक इथेच होते. तपकिरी रंग म्हणजे घाण, असं समजून लोक तो पूर्ण जाईपर्यंत घासतात. साध्या शाम्पूने जात नाही म्हटल्यावर रिम धुवायचं ॲसिड, इंजिनावरचा चिकटा काढायचा डिग्रीझर, कधी घरातलं भांड्यांचं लिक्विड आणि तारेची घासणी. टायर त्या दिवशी छान दिसतो, दोन आठवड्यांत पुन्हा तपकिरी होतो, कारण आतून नवा थर वर येतो. पुन्हा घासलं की पुन्हा गेला. टायरमधला हा साठा मोजकाच असतो. बाहेरून भरता येत नाही.

दुसरी चूक डिझेलची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. अनेक वॉशिंग सेंटरवर गाडी धुऊन झाली की एका पंपाने टायरवर आणि खालच्या प्लास्टिकवर काहीतरी फवारतात. मी एकदा विचारलं, "दादा, हे काय मारताय?" तो म्हणाला, "डिझेल आहे, थोडं ऑइल टाकलंय. टायर एकदम नवा दिसतो." त्याचं खोटं नव्हतं, दिसतो तसा. पण रबर आणि डिझेल दोन्ही एकाच जातीचे, हायड्रोकार्बन. सारखं सारख्यात मुरतं. डिझेल, रॉकेल, पेट्रोल रबरात शिरतं, त्याला फुगवतं आणि बाहेर पडताना ते मेण आणि ओझोनरोधक सोबत घेऊन जातं.

सिलिकॉन तेलाचं तसं नाही. त्याची साखळी सिलिकॉन आणि ऑक्सिजनची, स्वभावाने सुस्त. टायरच्या रबरात ते फारसं शिरत नाही, वर पसरून राहतं आणि उजेड परावर्तित करतं. चमक ती तीच. प्रश्न येतो तो सिलिकॉन ज्यात विरघळवून बाटलीत भरलंय त्या पातळ द्रवाचा. स्वस्त, पारदर्शक, तेलकट पॉलिशमध्ये तो द्रव पेट्रोलियमचा असतो. दुसऱ्या प्रकारात सिलिकॉन पाण्यात घुसळलेलं असतं, दुधासारखं. दोन्ही बाटल्यांवर 'सिलिकॉन' लिहिलेलं असू शकतं, म्हणून गोंधळ होतो.

बाटली कोणत्या जातीची आहे हे घरीच कळतं. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात चमचाभर पॉलिश टाका आणि ढवळा. पाणी दुधाळ झालं किंवा पॉलिश पूर्ण मिसळलं, तर ते पाण्यावर आधारित आहे. वर तेलाचा थर तरंगत राहिला आणि रॉकेलसारखा वास आला, तर ते टायरसाठी नको. फवाऱ्याच्या दाबलेल्या डब्यांवरची ज्वालेची खूण मात्र एकटीच पुरावा धरू नका, कारण डब्यातला गॅसही ज्वलनशील असतो.

मामांना पटावं म्हणून मी आणखी एक प्रयोग केला. भाजीच्या जुडीला येतात तसली तीन एकसारखी रबरबँड तीन काचेच्या बरण्यांत टाकली: एकीत साधं पाणी, एकीत दुधाळ पॉलिश, एकीत थोडं डिझेल. झाकणं लावून बाल्कनीत, गॅसपासून लांब ठेवली. दुसऱ्या दिवशी पाण्यातलं आणि पॉलिशमधलं रबरबँड जवळपास तसंच होतं. डिझेलमधलं जाड, लांब आणि लिबलिबीत झालं होतं, ताणताच तुटलं. टायरवर इतकं टोकाचं होत नाही, हेही मी त्यांना सांगितलं. टायरच्या रबरात कार्बन ब्लॅक असतं, ते जास्त घट्ट बांधलेलं असतं आणि टायर डिझेलमध्ये बुडलेला नसतो, त्यावर फक्त पातळ फवारा बसतो. पण दिशा तीच, आणि दर रविवारी.

मग मामांच्या टायरना भेगा कशाने पडल्या? आम्ही बसून नीट पाहिलं. साईडवॉलवर छापलेल्या कोडच्या शेवटी टायर बनल्याच्या तारखेचे चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बाहेरच्या बाजूला सापडले नाहीत तर आतल्या बाजूला पाहा, बऱ्याचदा एकाच बाजूला छापलेले असतात. मामांच्या टायरवर 2218 होतं, म्हणजे 2018 चा बाविसावा आठवडा. टायरचं वय इथेच बोललं. मग मी मोबाईलची बॅटरी घेऊन चाकाच्या आतल्या बाजूला पाहिलं. तिथे कधीच पॉलिश पोचत नाही, ऊनही नाही. तिथेही तशाच बारीक भेगा होत्या, थोड्या कमी. म्हणजे मूळ कारण वय आणि उभी गाडी. बाहेरच्या भेगा जास्त होत्या, त्याला ऊन आणि पॉलिश दोघंही कारण असू शकतात. गाडीची एक बाजू भिंतीच्या सावलीत असते आणि दुसरीवर दुपारचं ऊन येतं. दोन्ही बाजूंना पॉलिश सारखंच लागतं, तरी उन्हाकडच्या टायरच्या भेगा स्पष्ट जास्त होत्या. म्हणून मी ऊन वर ठेवलं, पॉलिश खाली. तुमच्या गाडीतही ही तपासणी याच क्रमाने करा: तारीख, आतली बाजू, मग सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू. आतून टायर स्वच्छ आणि दोन्ही बाजूंना बाहेरून भेगा सारख्याच असतील, तर मात्र बाटलीवर संशय घ्यायला जागा आहे.

पॉलिशचा खरा तोटा मामांकडे वेगळाच निघाला. चमक असल्यामुळे भेगा लवकर दिसल्याच नाहीत. पॉलिश धुऊन काढल्यावर, टायर जमिनीला टेकतो तिथे जो फुगवटा असतो, त्याच्या वर भेगा उघडलेल्या दिसल्या. नुसत्या केसासारख्या, वरवरच्या भेगा असतील तर टायरवाल्याला दाखवून लक्ष ठेवता येतं. भेगेत नख अडकत असेल, आत दोरे दिसत असतील किंवा बाजूला फुगा आला असेल, तर टायर बदलायचाच. मामांनी चारही बदलले, कारण सुट्टीत त्यांना कोकणात जायचं होतं आणि एवढ्या जुन्या टायरवर ताम्हिणी उतरायला मी त्यांना जाऊ दिलं नसतं.

नव्या टायरना आता असं धुतो. गाडी सावलीत, टायर हाताला गार लागेपर्यंत थांबतो. आधी साध्या पाण्याने चिखल उतरवतो. प्रेशरच्या पंपाचं तोंड साईडवॉलच्या अगदी जवळ नेत नाही, वीतभर तरी लांब. बादलीत गाडीचा सौम्य शाम्पू, बाटलीवर लिहिलंय तेवढाच, आणि मऊ नायलॉनचा ब्रश. एक फेरी घासतो, धुतो. फार मळलं असेल तर दुसरी फेरी, बस. दुसऱ्या फेरीनंतर फेस थोडा तपकिरी निघाला तरी थांबतो. मग कापडाने पुसून पंधरा-वीस मिनिटं सुकू देतो. ओल्या टायरवर पॉलिश धरत नाही, हा भाग बरेच जण गाळतात.

पॉलिश थेट टायरवर फवारायचं नाही. स्पंजच्या तुकड्यावर घ्यायचं आणि फक्त साईडवॉलवर पातळ लावायचं. पाच मिनिटांनी कोरड्या कापडाने जास्तीचं टिपून घ्यायचं. ही टिपण्याची पायरी सोडली की दोन गोष्टी होतात. गाडी चालताना थेंब उडून दारांच्या खालच्या पत्र्यावर बसतात आणि पुढे कधी तिथे पेंटिंग करायची वेळ आली, तर सिलिकॉनच्या डागावर रंग धरत नाही, बारीक खड्डे पडतात. दुसरं म्हणजे चिकट थरावर धूळ बसते. सिंहगड रोड किंवा बाणेरला बांधकामाची धूळ कमी नाही, चार दिवसांत टायर मातकट होतो आणि माणूस म्हणतो, "सिलिकॉनने टायर पिवळा केला." पुन्हा जोरात घासणं सुरू.

दुचाकीवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी, कारण पुण्यात घरोघरी स्कूटर आहे. तिच्या टायरला पॉलिश लावूच नका असं माझं ठाम मत आहे. गाडी वळणावर झुकते तेव्हा टायरची कड रस्त्याला टेकते आणि साईडवॉल तिथून फार लांब नसते. फवारा मारला तर तो त्या कडेपर्यंत पोचतोच. डिस्क ब्रेक अगदी शेजारी असतो. धुऊन आणलेल्या स्कूटरचा ब्रेक नेहमीपेक्षा हलका लागला, लीव्हर दाबूनही गाडी थांबायला वेळ घेत असेल, तर डिस्कवर काहीतरी बसलं आहे. अशी गाडी चालवत नेऊ नका. मेकॅनिककडून ब्रेक क्लीनरने डिस्क पुसून घ्या. पॅडमध्ये तेलकटपणा मुरला असेल तर ते घासून भागत नाही, बदलावे लागतात.

वॉशिंग सेंटरवर आता मी गाडी सोडताना एवढंच सांगतो, "टायरला काही मारू नका, नुसते धुवा." मामांनी त्यांच्या गाडी पुसणाऱ्या मुलाला दुधाळ पॉलिशची बाटली आणि स्पंज आणून दिला आहे, आणि महिन्यातून एकदाच लावायला सांगितलं आहे. शिवाय दर रविवारी ते गाडी घेऊन कात्रजपर्यंत जाऊन येतात.