काय-वर्ग चाचणीने दोन गुणांमधील संबंध कसा तपासावा

माणसांची किंवा वस्तूंची दोन वेगवेगळ्या गुणांनुसार गटवारी केली, की त्या दोन गुणांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, असा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न काय-वर्ग चाचणीने तपासता येतो. समजा, २०० जणांना वाचनासाठी कोणती वेळ आवडते, असे विचारले आणि उत्तरांची पुढीलप्रमाणे सारणी झाली. (आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.)

| | सकाळ | दुपार | रात्र | एकूण |
|---|---|---|---|---|
| विद्यार्थी | २८ | १४ | ३८ | ८० |
| नोकरदार | ६२ | २६ | ३२ | १२० |
| एकूण | ९० | ४० | ७० | २०० |

सारणीत प्रत्यक्ष संख्याच लिहाव्यात, टक्के लिहू नयेत. सर्व संख्या दहापट केल्या तर टक्केवारी तीच राहते, पण चाचणीचे उत्तर दहापट होते. म्हणजे टक्के घालून काढलेल्या उत्तरात नमुन्याचा खरा आकारच हरवलेला असतो. तसेच प्रत्येक व्यक्ती एकाच घरात मोजलेली असावी. एकाच व्यक्तीला दोन वेळा आवडतात म्हणून तिला दोनदा मोजले, तर ही चाचणी लागू पडत नाही.

आता शून्य गृहीतक मांडावे: व्यवसाय आणि वाचनाची वेळ यांचा परस्परांशी संबंध नाही. हे खरे असते तर प्रत्येक घरात साधारण किती जण आले असते, ती त्या घराची अपेक्षित संख्या होय. ओळीची बेरीज आणि स्तंभाची बेरीज यांचा गुणाकार करून त्याला एकूण संख्येने भागले की ती मिळते. एकूण २०० पैकी ९० जणांना, म्हणजे ४५ टक्क्यांना, सकाळ आवडते; संबंध नसेल तर ८० विद्यार्थ्यांपैकीही ४५ टक्के, म्हणजे ८० × ९० ÷ २०० = ३६ जण सकाळच्या घरात यायला हवेत. याच रीतीने विद्यार्थ्यांच्या ओळीत ३६, १६, २८ आणि नोकरदारांच्या ओळीत ५४, २४, ४२ या संख्या येतात. अपेक्षित संख्या अपूर्णांकात आली तरी ती पूर्णांकात बदलू नये.

यानंतर प्रत्येक घरासाठी प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्येतील फरकाचा वर्ग करून त्याला अपेक्षित संख्येने भागावे. पहिल्या घरात फरक ८, त्याचा वर्ग ६४, आणि ६४ ÷ ३६ = १.७७८. सहाही घरांची बेरीज अशी होते:

१.७७८ + ०.२५० + ३.५७१ + १.१८५ + ०.१६७ + २.३८१ = ९.३३२

ही संख्या मोठी की लहान, हे स्वातंत्र्य मात्रा ठरवल्याशिवाय सांगता येत नाही. बेरजा कायम ठेवून विद्यार्थ्यांच्या ओळीतील पहिली दोन घरे भरून पाहावीत. तिसरे घर ८० मधून आपोआप ठरते आणि खालची संपूर्ण ओळ स्तंभांच्या बेरजांवरून ठरते. मोकळेपणाने भरता येणारी घरे दोनच, म्हणून स्वातंत्र्य मात्रा २. सर्वसाधारण सूत्र (ओळी − १) × (स्तंभ − १) असे आहे. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली ही चाचणी मांडली, पण अशा सारण्यांसाठी ते घरांच्या संख्येतून फक्त एक वजा करत; रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये ती चूक दाखवून दिली. हा वाद केवळ तात्त्विक नव्हता. पाच टक्के पातळीवर २ मात्रांसाठी सीमामूल्य, म्हणजे बेरीज ज्याच्या पुढे गेली की शून्य गृहीतक नाकारतात ती संख्या, ५.९९१ आहे, तर ५ मात्रांसाठी ११.०७०, म्हणजे पिअर्सन यांच्या हिशेबाने आपल्या ९.३३२ मधून काहीच सिद्ध झाले नसते, आणि योग्य हिशेबाने मात्र शून्य गृहीतक नाकारावे लागते. येथे पी-मूल्य, म्हणजे संबंध नसतानाही इतकी किंवा याहून मोठी बेरीज केवळ योगायोगाने येण्याची शक्यता, सुमारे ०.००९ येते.

अपेक्षित संख्या फार लहान असतील तर सीमामूल्यांवर विसंबता येत नाही. प्रचलित नियम असा, की पाचहून कमी अपेक्षित संख्या असलेली घरे एकूण घरांच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत आणि कोणतीही अपेक्षित संख्या एकाहून कमी नसावी. हा नियम अपेक्षित संख्यांचा आहे, प्रत्यक्ष संख्यांचा नव्हे, याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. नियम मोडत असेल तर अर्थाला धक्का न लावता जवळचे गट एकत्र करावेत किंवा फिशर यांची अचूक चाचणी वापरावी.

निकाल लिहिताना नुसते पी-मूल्य देऊन थांबू नये. संबंध कोठे आहे, हे बेरजेतील मोठ्या पदांवरून कळते: रात्रीच्या दोन घरांनीच ९.३३२ पैकी ५.९५२ इतका वाटा उचलला आहे. ४७.५ टक्के विद्यार्थ्यांना रात्र आवडते, तर नोकरदारांमध्ये हे प्रमाण सुमारे २६.७ टक्के आहे. संबंध किती घट्ट आहे, हे क्रेमर यांच्या व्ही-मापाने सांगता येते, येथे ९.३३२ ला २०० ने भागून वर्गमूळ काढले की ०.२२ मिळते, म्हणजे संबंध आहे, पण फार घट्ट नाही. तो व्यवसायामुळेच आहे की वयासारख्या तिसऱ्या गोष्टीमुळे, हे मात्र या सारणीवरून ठरवता येत नाही.